चार रकान्यांत मावणारा कालवा

पेडणे तालुक्यात चांदेलला जलशुद्धीकरण प्रकल्प आहे. तिथे पोचणारे तिळारीचे पाणी चंदगडच्या डोंगरात उगम पावते, दोडामार्ग तालुक्यात धरणात साठते, तिथून कालव्याने राज्याची सीमा ओलांडते आणि मग गोव्यात येते. हा प्रवास आपण नकाशावर बोट ठेवून दाखवू शकतो. त्याच पाण्याचा दुसरा एक प्रवास मात्र कुठल्याच नकाशावर नाही. कालवा फुटू नये म्हणून लागणारा पैसा दरवर्षी एका पानाच्या पत्रातून वाट काढत येतो. खातेप्रमुख ते पत्र वित्त खात्याला लिहितो. ‘पुढील वर्षाचे अंदाजपत्रक सोबत जोडले आहे’ एवढाच त्याचा वरवरचा अर्थ असतो. कचेरीत त्याला कव्हरिंग पत्र म्हणतात आणि ते फाइलमध्ये सगळ्यात वर लागते.

या पत्राकडे सहसा कोणी लक्ष देत नाही. लक्ष जाते ते अर्थमंत्र्यांच्या भाषणाकडे. पण मी जसजसा या पत्राची रचना समजून घेत गेलो तसतसा थक्क होत गेलो. एका कालव्याचा मागचा, चालू आणि पुढचा काळ त्यात असतो, राज्यघटनेची कलमे असतात, देशभर एकच असलेली आकड्यांची एक भाषा असते, आणि पावसाळाही असतो. तो शोधावा लागतो, एवढेच.

विद्यापीठात किंवा एखाद्या संस्थेत वित्त समिती असते. विभागप्रमुख आपली मागणी तिच्यापुढे ठेवतो आणि समिती प्रश्न विचारून कात्री लावते. राज्य सरकारात हे काम वित्त खाते करते. पावसाळा सरता सरता वित्त खात्याचे परिपत्रक निघते आणि सगळ्या खात्यांकडून आकडे मागवले जातात. जलस्रोत खात्यात हे आकडे खालून वर येतात. उपविभागातला अभियंता आपल्या हद्दीतले काम लिहितो, कार्यकारी अभियंता ते एकत्र करतो आणि मुख्य अभियंता सगळ्यावर सही करून पर्वरीला पाठवतो. ही सही महत्त्वाची, कारण पुढे चर्चेला बोलावणे आले की प्रत्येक आकड्याचा जाब त्याच्याकडेच मागितला जातो.

आता पत्राच्या आत जाऊ. त्यासाठी एक उदाहरण घेतो. यातले रुपयांचे आकडे समजावून सांगण्यासाठी मी बांधलेले आहेत, ते कुठल्याही खऱ्या फाइलमधले नाहीत. कालवा मात्र खरा आहे. तिळारीचा उजवा कालवा पेडण्याकडे येतो आणि डावा डिचोली व बार्देशकडे जातो. गोवा आणि महाराष्ट्र यांच्यात १९९० साली या प्रकल्पाचा करार झाला. त्यात पाण्याचा वाटा ठरला आणि त्याच प्रमाणात खर्चाचाही: गोवा ७३.३ टक्के, महाराष्ट्र २६.७ टक्के. म्हणजे धरणासारख्या सामायिक बांधकामावर एक कोटी खर्च झाला तर ७३ लाख ३० हजार रुपये गोव्याच्या तिजोरीतून जातात, आणि तेही कोणालातरी आधी मागावे लागतात.

पत्राला जोडलेल्या तक्त्यात प्रत्येक ओळीपुढे चार रकाने असतात. पहिल्यात गेल्या वर्षी प्रत्यक्ष झालेला खर्च. दुसऱ्यात चालू वर्षासाठी विधानसभेने मंजूर केलेली तरतूद. तिसऱ्यात चालू वर्षाचा सुधारित अंदाज, म्हणजे अर्धे वर्ष संपल्यावर आता खरोखर किती लागेल ते. चौथ्यात पुढच्या वर्षाची मागणी. आपल्या उदाहरणात कालव्याच्या देखभालीची ओळ अशी आहे: १८०, २५०, २१०, ३२०. वरच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत ‘रुपये लाखांत’ असे लिहिलेले असते. या दोन शब्दांवर सगळा तक्ता उभा असतो. एक तक्ता लाखांत आणि दुसरा हजारांत भरला गेला तर बेरीज शंभरपटीने चुकते, म्हणून वित्त खात्यातला कर्मचारी पहिल्यांदा कोपराच पाहतो.

या चार आकड्यांकडे नुसते पाहिले तर काहीच कळत नाही. पण वित्त खात्याच्या अधिकाऱ्याच्या नजरेने पाहा. त्याच्याकडे आणखी एक आकडा असतो: एप्रिल ते सप्टेंबर या सहा महिन्यांत झालेला खर्च. समजा तो ४० लाख आहे. तो विचारणार, मंजूर झालेल्या २५० लाखांपैकी सहा महिन्यांत तुम्ही ४० खर्च केलेत, आता उरलेल्या सहा महिन्यांत आणखी १७० लाख खर्च करणार म्हणता, हे कसे? आणि वर पुढच्या वर्षी ३२० मागता? मागच्या मागण्या फुगवलेल्या होत्या असाच याचा अर्थ होत नाही का?

प्रश्न रास्त आहे. याचे उत्तर देता देता पत्रात पाऊस शिरतो. आपले आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होते. ब्रिटिश काळात १८६७ पासून ही तारीख पक्की झाली. पेडण्याचे हवामान हे वर्ष मानत नाही. एप्रिलमध्ये तरतूद हाती आली, अंदाजपत्रके तयार झाली, निविदा काढली, उघडली, दर तपासले, कामाचा आदेश दिला की जून उजाडतो आणि पाऊस सुरू होतो. पावसात मातीच्या भरावावर यंत्र नेता येत नाही आणि काँक्रीटचे अस्तर धरत नाही. म्हणून पहिल्या सहामाहीत पैसा फारसा हलत नाही. खातेप्रमुख हे ‘पावसामुळे’ या एका शब्दात सांगून मोकळा झाला तर ते कोणी मानणार नाही. त्याला आकड्याने दाखवावे लागते: गेल्या वर्षीही १८० लाखांपैकी पहिल्या सहामाहीत ३५ लाखच गेले होते, म्हणजे साधारण पाचवा हिस्सा. यंदाच्या ४० लाखांना त्याच हिशेबाने पाचाने गुणले की २०० येतात. वरचे १० लाख एका मंजूर कामाच्या बिलाचे. झाले २१०. मंजूर २५० मधले उरलेले ४० लाख एका कामाची निविदा अंदाजापेक्षा कमी दराने आल्यामुळे वाचणार आहेत, आणि ते आम्ही आजच परत करतो.

हा शेवटचा भाग मला फार आवडतो. चांगले पत्र मागण्याआधी परत करते. वाचलेले पैसे खात्याने वेळेवर ‘समर्पित’ केले तर ते दुसऱ्या खात्याच्या सुधारित अंदाजात वापरता येतात. ३१ मार्चपर्यंत दाबून ठेवले तर मध्यरात्री तरतूद संपते आणि मग ते कोणाच्याच उपयोगाचे राहत नाहीत. बँकेतली शिल्लक एप्रिलमध्येही आपली असते, तरतूद आपली राहत नाही. ती त्या एका वर्षापुरती दिलेली परवानगी असते.

आता कालव्यापाशी जाऊन पाहू, कारण पाऊस हा एकच अडथळा नाही. कालव्याची दुरुस्ती करायची तर कालवा कोरडा लागतो. डिसेंबरनंतर वायंगण शेतीला आणि बागायतीला पाणी हवे असते. चांदेलच्या प्रकल्पाला तर नळांसाठी बारा महिने कच्चे पाणी लागते. म्हणजे पाऊस थांबल्यानंतर आणि शेतीची मागणी वाढण्याआधी जी फट मिळते तीच कामाची. ऑक्टोबरअखेर ते डिसेंबर, जेमतेम दोन महिने. त्यातही पाणी पुरवठ्याची पर्यायी सोय करूनच कालवा बंद ठेवता येतो. हा कालवा डोंगरउतारावरून जातो. कुठे जमीन खोदून, कुठे मातीचा भराव घालून त्याला उंची दिलेली आहे. खोदाईतला भाग सहसा तग धरतो. धोका असतो भरावाला. अस्तराला तडा गेला की पाणी मागच्या मातीत मुरते, बारीक कण घेऊन बाहेर पडते आणि आतून पोकळी तयार होते. खेकडे आणि उंदीर यांची बिळे तिला मदत करतात. भरावाच्या बाहेरच्या पायथ्याशी कोरड्या दिवसांत ओल दिसली आणि झिरपणारे पाणी गढूळ असले, तर माती वाहून चालली आहे असे समजावे. स्वच्छ पाणी झिरपत असेल तर थोडा वेळ हाताशी असतो. गढूळ असेल तर नसतो.

ती ओल पाहणारा माणूस कालव्यावरचा चौकीदार किंवा कनिष्ठ अभियंता. त्याच्या नोंदीतून अंदाजपत्रक बनते आणि त्या अंदाजपत्रकातून आपल्या तक्त्यातला चौथा आकडा. म्हणून ३२० लाख हा एक आकडा नसतो, त्याचे तुकडे पत्रात उलगडून दाखवावे लागतात. २०० लाख नेहमीची देखभाल: झाडोरा काढणे, गाळ उपसणे, दारे आणि फाटे दुरुस्त करणे, मजुरी. ३० लाख गेल्या वर्षीची राहिलेली देणी. ९० लाख नवे काम, भरावाच्या एका लांबीवर नवे अस्तर.

यातल्या ३० लाखांकडे जरा थांबून बघण्यासारखे आहे. काम मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात पुरे झाले, पण मापन पुस्तिकेत त्याची मोजमापे चढली नाहीत. ही पुस्तिका म्हणजे लांबी, रुंदी, जाडी लिहिण्याची पाने क्रमांकित केलेली वही. अभियंता जागेवर फीत धरून मोजतो, त्यात लिहितो, सही करतो, वरिष्ठ काही मापे पुन्हा तपासतो. त्यात नोंद झाल्याशिवाय बिल निघत नाही आणि ३१ मार्च उलटला की जुन्या तरतुदीतून पैसे देता येत नाहीत. काम झालेले आहे, कंत्राटदाराचे पैसे देणे आहेत, पण ते द्यायचे नव्या वर्षाच्या पैशातून. खातेप्रमुख हे ३० लाख पत्रात लिहायला विसरला तर ते नव्या कामाच्या ९० लाखांतून गुपचूप जातात, आणि मग तडा तसाच राहतो. मी तर म्हणेन, एखाद्या खात्याचा कारभार कसा आहे हे ओळखायचे तर राहिलेल्या देण्यांची ही ओळ दरवर्षी वाढते की घटते ते पाहावे.

नव्या कामाचे ९० लाखही फसवे असतात. समजा त्या अस्तराला १५० लाखांची प्रशासकीय मान्यता मिळालेली आहे. मान्यता म्हणजे हे काम करावे असे सरकारने ठरवले. पैसे दिले असा तिचा अर्थ होत नाही. १५० पैकी दोन महिन्यांच्या फटीत जेवढे होईल तेवढेच यंदा मागायचे, म्हणून ९०. उरलेले ६० त्यापुढच्या वर्षी. आता वित्त खात्याने ३२० ऐवजी २६० दिले तर काय होईल? साठ लाखांची कपात सगळीकडे सारखी वाटली जाईल असे वाटते, पण तसे होत नाही. मजुरी आणि नेहमीची देखभाल थांबवता येत नाही, देणी तर फेडावीच लागतात. २०० आणि ३० काढून ठेवले की नव्या कामाला ३० लाख उरतात. सगळी कात्री एकट्या अस्तरावर पडते. तेही ३० लाखांत थोडा भाग करून सोडले तर नव्या आणि जुन्या अस्तराच्या सांध्यातून पाणी मागे शिरते आणि नवे केलेले कामही सैल होऊ लागते. म्हणून शहाणा खातेप्रमुख पत्रातच लिहितो की कपात करायचीच असेल तर हे काम अर्धे देऊ नका, एकतर पूर्ण ९० द्या किंवा पुढच्या वर्षावर ढकला, आणि ढकलल्यास तोपर्यंत त्या लांबीत पाण्याची पातळी कमी ठेवावी लागेल, त्याचा परिणाम शेवटच्या गावांच्या पाण्यावर होईल. असे एक वाक्य लिहिण्यासाठी अभियंत्याला कालवाही कळावा लागतो आणि हिशेबही.

तक्त्याच्या डाव्या बाजूला ओळींच्या नावांआधी आकड्यांची एक रांग असते. मला सगळ्यात मोठे आश्चर्य वाटले ते हिचेच. राज्याचा आणि केंद्राचा प्रत्येक रुपया कुठे गेला हे सांगणारे हे लेखाशीर्ष. ते सहा पायऱ्यांचे असते आणि पुरे लिहिले तर पंधरा आकडी होते. पहिले चार आकडे मुख्य शीर्षाचे, पुढे उपमुख्य, गौण, उपशीर्ष, तपशीलवार आणि शेवटचे दोन आकडे पैसा कशावर गेला ते सांगणारे: पगार, मजुरी, प्रवास, बांधकाम. मुख्य आणि गौण शीर्षांची यादी देशभर एक आहे. घटनेच्या १५० व्या कलमानुसार हिशेबाचा नमुना राष्ट्रपती महालेखापरीक्षकांच्या सल्ल्याने ठरवतात. मुख्य शीर्षे चार आकडी झाली ती १९८७ च्या एप्रिलपासून.

आता या चार आकड्यांतली गंमत बघा. मोठ्या पाटबंधाऱ्यांची ओळख ७०० या तीन आकड्यांत आहे. पुढे शून्य लावले तर ०७००, म्हणजे पाटबंधाऱ्यातून सरकारला मिळालेले उत्पन्न, उदाहरणार्थ शेतकऱ्याने भरलेली पाणीपट्टी. शून्याच्या जागी दोन घातले तर २७००, म्हणजे देखभालीचा महसुली खर्च. चार घातले तर ४७००, नवे बांधकाम, भांडवली खर्च. सहा घातले तर ६७००, त्या कामासाठी दिलेली कर्जे. दोनदोनने चढत जा आणि एकाच कालव्याची कमाई, त्याचा खर्च, त्याची घडण आणि त्यासाठीचे कर्ज ओळीने उभे राहतात. हेच शिक्षणाला लावा: ०२०२, २२०२, ४२०२, ६२०२. पिण्याच्या पाण्याला लावा: ०२१५, २२१५, ४२१५, ६२१५. पेडण्यातल्या कारकुनाने लिहिलेले २२१५ आणि नागालँडमधल्या कारकुनाने लिहिलेले २२१५ यांचा अर्थ एकच. इतक्या भाषांच्या देशात ही एक लिपी सगळ्या कचेऱ्या वाचतात.

तिळारीचे पाणी या लिपीत दुभंगते तेही पाहण्यासारखे आहे. कालव्यातून वाहताना ते पाटबंधाऱ्याच्या शीर्षाखाली असते. चांदेलला शुद्ध होऊन नळात शिरले की पिण्याच्या पाण्याच्या शीर्षाखाली जाते. त्याची मागणी दुसऱ्या खात्याचा प्रमुख दुसऱ्या पत्राने करतो. कालवा फुटला तर पहिल्या पत्रातला खर्च वाढतो, पण नळ कोरडे पडतात ते दुसऱ्या पत्राच्या माणसाचे. दोन्ही खातेप्रमुखांनी आपापल्या पत्रात एकमेकांचा उल्लेख केलेला असेल तर वित्त खात्याला हा धागा दिसतो. नसेल तर दिसत नाही, कारण तिथे दोन फाइली दोन वेगळ्या टेबलांवर असतात.

शीर्षाच्या सुरुवातीच्या दोन आणि चार या आकड्यांतला फरक जिथे पुसला जातो तिथे पहिला घोटाळा होतो. जुने अस्तर दुरुस्त करणे हा महसुली खर्च, कारण त्याने नवी मालमत्ता तयार होत नाही. पण देखभालीला पैसा मिळत नाही आणि नव्या बांधकामाला सहज मिळतो असा अनुभव आला की दुरुस्तीला ४७०० मध्ये घालण्याचा मोह होतो. मग कागदावर राज्याची मालमत्ता वाढलेली दिसते आणि प्रत्यक्षात जुन्या कालव्याला ठिगळ लागलेले असते. ओळखायची खूण सोपी आहे: भांडवली शीर्षाखालच्या कामाच्या नावात ‘दुरुस्ती’ किंवा ‘पुनर्स्थापना’ असे शब्द दिसले की लेखापरीक्षक तिथे थांबतो.

तक्त्यात आणखी एक रेषा असते, दत्तमत आणि भारित यांच्यामधली. दत्तमत म्हणजे ज्यावर आमदार मतदान करतात तो खर्च. भारित म्हणजे ज्यावर चर्चा होऊ शकते पण मतदान होत नाही. न्यायाधीशांचे पगार, कर्जावरचे व्याज हे भारित असतात हे बऱ्याच जणांना माहीत असते. पण घटनेच्या २०२ व्या कलमात न्यायालयाच्या निवाड्यानुसार द्यायची रक्कमही भारित धरलेली आहे. कालव्यासाठी जमीन गेली, मिळालेला मोबदला कमी वाटला म्हणून शेतकरी न्यायालयात गेला आणि न्यायालयाने तो वाढवून दिला, तर ती वाढीव रक्कम या दुसऱ्या बाजूला लिहावी लागते. विधानसभा ती नाकारू शकत नाही. जमीन गेलेल्या शेतकऱ्याचा हक्क बहुमताच्या हातात न देण्याची ही व्यवस्था हिशेबाच्या एका रकान्यात जपलेली आहे. खातेप्रमुखाने ती रक्कम चुकून दत्तमत बाजूला मागितली तर ऐन वेळी ती तिकडून इकडे वळवता येत नाही. नियम तसा आहे. भांडवली आणि महसुली यांच्यातही अशीच भिंत आहे. पैसा वळवता येतो तो एकाच मागणीच्या एकाच कप्प्यात, एका ओळीतून दुसरीत.

वित्त खात्याशी चर्चा होऊन आकडे पक्के झाले की ते अनुदान मागण्यांच्या जाड पुस्तकात जातात आणि विधानसभेपुढे येतात. गोव्याची विधानसभा ४० आमदारांची, त्यात पेडणे तालुक्यातले दोन मतदारसंघ, पेडणे आणि मांद्रे. आपला समज असा की आमदाराने सभागृहात आवाज उठवला की कालव्याला जास्त पैसे मिळतात. घटनेचे २०३ वे कलम वाचले तेव्हा मी चमकलो. त्यात सभागृहाला तीनच गोष्टी करता येतात: मागणी मान्य करणे, नाकारणे किंवा कमी करून मान्य करणे. वाढवता येत नाही. एक रुपयानेही नाही. मागणी मांडायलाही राज्यपालांची शिफारस लागते. म्हणून आमदार नाराजी दाखवतात ती कपात सूचना मांडून, आणि तिच्यातला एक प्रकार शंभर रुपये कमी करण्याचा असतो. लोकसभेतही हाच नियम, आणि मुळात ब्रिटिश संसदेची ही परंपरा: पैसा मागायचे काम सरकारचे, मंजूर करायचे काम लोकप्रतिनिधींचे.

याचा परिणाम फार दूरवर जातो. पेडण्याच्या कालव्याचे ते ९० लाख खातेप्रमुखाच्या पत्रात नसतील आणि मंत्रिमंडळानेही ते घातले नसतील, तर चाळीस आमदार मिळून अर्थसंकल्पाच्या अधिवेशनात ते घालू शकत नाहीत. वर्षाच्या मधे सरकारने पुरवणी मागणी आणली तरच ते शक्य होते, आणि तिचीही सुरुवात खात्याच्या पत्रानेच होते. आकडा वर जाण्याची जागा पावसाळ्यानंतरच्या त्या आठवड्यांत असते. विधानसभेच्या गॅलरीत गर्दी होते तेव्हा आकडा फक्त टिकू शकतो किंवा घटू शकतो.

मागण्या मंजूर झाल्यावर विनियोजन विधेयक येते. तोपर्यंत राज्याच्या एकत्रित निधीतून एक पैसाही बाहेर पडत नाही. ते मंजूर झाले की पर्वरीचा आकडा पेडण्याच्या उपविभागात परततो, पुन्हा त्या पंधरा आकड्यांच्या शीर्षासह. बिल पणजीच्या लेखा संचालनालयात जाते तेव्हा हेच शीर्ष त्यावर असावे लागते. गोव्याचे हिशेब राज्याचे हे संचालनालयच जुळवते. इतर बहुतेक राज्यांत ते काम महालेखापालांच्या कचेरीत होते. वर्ष सरल्यावर तेच आकडे पुढच्या पत्राच्या पहिल्या रकान्यात, ‘प्रत्यक्ष खर्च’ म्हणून बसतात.

मोपाला विमानतळ झाला आहे, २०२३ च्या जानेवारीपासून तिथून विमाने उडतात. धारगळ, तुये, मोरजी, मांद्रे या बाजूला वस्ती आणि हॉटेले वाढताहेत. पाण्याची मागणी आता पूर्वीसारखी शेतीच्या हंगामाने चढउतरत नाही. कालवा बंद ठेवता येणारी दोन महिन्यांची फट दरवर्षी अधिक अवघड होत जाणार. त्यामुळे पुढच्या काही वर्षांत या पत्रांमधल्या ‘नेहमीची देखभाल’ या ओळीकडे बघायला हवे असे माझे ठाम मत आहे. नवे प्रकल्प लोकांना दिसतात, त्यांची कोनशिला असते. २७०० खालची ओळ कोणाला दिसत नाही, आणि कालवा फुटतो तो तिथेच.

अनुदान मागण्यांची पुस्तके विधानसभेत मांडली जातात, ती खुली असतात. जलस्रोत खात्याची मागणी उघडा, पाटबंधाऱ्यांच्या शीर्षापाशी जा आणि आपल्या कालव्याच्या ओळीतले चार आकडे शेजारी शेजारी लिहून काढा. दुसरा आणि तिसरा रकाना यांत दरवर्षी मोठी तफावत असेल तर काम वेळेवर निघत नाही. तिसऱ्यापेक्षा चौथा नेहमीच थोडासाच मोठा असेल तर कोणी जागेवर जाऊन पाहिलेले नाही, मागच्या आकड्यात दहा टक्के मिळवून लिहिले आहे. अर्थसंकल्प मांडून झाल्यावर खात्याच्या पत्राची प्रत माहिती अधिकारात मागता येते, तीस दिवसांत उत्तर देणे बंधनकारक असते. आणि हसापूर, इब्रामपूर किंवा कासारवर्णे भागातल्या कोणाला भरावाच्या पायथ्याशी गढूळ पाणी दिसले, तर त्याने ठिकाण आणि तारीख लिहून उपविभागाच्या कचेरीत अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. हा अर्ज ऑक्टोबरच्या आत द्या, मार्चमध्ये देऊन त्या वर्षी उपयोग होत नाही.